बँकेत पाच लाखांची वाढ आणि खात्यात साडेतीन लाखांची तूट: एका क्रीडा क्लबच्या हिशेबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावातल्या बॅडमिंटन क्लबचे आहे. क्लबची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत, पण त्यांचे परस्परांशी असलेले नाते मूळचेच आहे. क्लबची नोंदणी 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली झालेली आहे. नगरपालिकेकडून भाड्याने घेतलेल्या जागेवर क्लबने स्वतःचा हॉल बांधला असून त्यात दोन कोर्ट आहेत. नियमित वर्गणी देणारे सभासद 240 होते, आजीव सभासद वेगळे. 2023-24 या वर्षी वार्षिक वर्गणी 3,000 रुपये होती. त्या वर्षीच्या हिशेबाच्या कामात मी खजिनदारांच्या मदतीला होतो, त्यामुळे पुढील घटना मी जवळून पाहिलेल्या आहेत.

क्लबचा हिशेब अनेक वर्षे एकाच पद्धतीने चालत आला होता. खजिनदार रोजकीर्द लिहीत आणि वर्षअखेरीस तीवरून प्राप्ती व शोधन खाते तयार होई. त्यात वरती आरंभीची शिल्लक, मग वर्षभरात आलेला प्रत्येक रुपया, दुसऱ्या बाजूला गेलेला प्रत्येक रुपया आणि शेवटी हातातली व बँकेतली शिल्लक असे. वार्षिक सभेत हेच पान वाचून दाखवले जाई. धर्मादाय कार्यालयाकडे पाठवण्यासाठी कायद्याच्या नियमांतील आठव्या अनुसूचीत ताळेबंद आणि नवव्या अनुसूचीत उत्पन्न व खर्च खाते द्यावे लागते. तेही दिले जाई, पण ते नावापुरतेच. प्राप्ती व शोधन खात्यातील आरंभीची आणि अखेरची शिल्लक काढून टाकायची, उरलेले आकडे नमुन्यात भरायचे, त्यातून घसारा, म्हणजे हॉल आणि साहित्याच्या वर्षभराच्या झिजेची रक्कम, तेवढा वजा करायचा, आणि उरेल त्याला आधिक्य म्हणायचे. उत्पन्न व खर्च खात्यात पैसे कधी आले-गेले यापेक्षा ते कोणत्या वर्षाचे आहेत हे पाहायचे असते, पण इथे नमुना उत्पन्न-खर्चाचा असला तरी आत आकडे रोखीचेच असत. ही चूक छोट्या संस्थांमध्ये मी इतक्यांदा पाहिली आहे की कोणत्याही क्लबचे उत्पन्न व खर्च खाते हाती आले की मी प्रथम वर्गणीची ओळ तपासतो. तो आकडा दोन्ही खात्यांत अगदी एकच असेल, तर दुसरे खाते बहुधा तयारच झालेले नसते.

अडचण

31 मार्च 2024 रोजी संपलेल्या वर्षाचे प्राप्ती व शोधन खाते अतिशय समाधानकारक दिसत होते. वर्षाच्या सुरुवातीला रोख आणि बँक मिळून 1,85,000 रुपये होते. वर्षभरात 15,83,000 रुपये आले, 10,82,000 रुपये गेले आणि अखेरची शिल्लक 6,86,000 रुपये झाली. याखेरीज 4,00,000 रुपयांची जुनी मुदत ठेव होती, तिला त्या वर्षी कोणी हात लावला नव्हता. एका वर्षात शिल्लक 5,01,000 रुपयांनी वाढल्यामुळे कार्यकारी मंडळात दोन मागण्या पुढे आल्या. पहिली मागणी अशी की, एप्रिल 2024 पासून 3,600 रुपये करायची ठरलेली वर्गणी पुन्हा 3,000 वर आणावी. दुसरी अशी की, खेळाडूंसाठी कपडे बदलण्याच्या खोल्या आणि स्वच्छतागृह तातडीने बांधावे, ज्यासाठी सुमारे पाच लाखांचा अंदाज होता.

त्याच वर्षी क्लबने नवे लेखापरीक्षक नेमले होते. जुलै महिन्यात त्यांनी मसुदा पाठवला आणि त्यात उत्पन्न व खर्च खात्याच्या तळाशी 3,39,500 रुपयांची तूट दाखवलेली होती. मंडळाच्या बैठकीत तो कागद फिरला तेव्हा काही क्षण कोणीच बोलले नाही. मग एका ज्येष्ठ सभासदाने, जे निवृत्त शिक्षक आहेत, बँकेचे पासबुक टेबलावर उघडून ठेवले, शेवटच्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "खजिनदारसाहेब, पैसे इथे दिसताहेत. मग तूट आली कुठून, आणि साडेआठ लाखांचा हा फरक गेला कुठे?"

प्रश्न रास्त होता. अधिक 5,01,000 आणि उणे 3,39,500 यांतील अंतर 8,40,500 रुपयांचे होते. ज्याला हिशेबाची सवय नाही त्याला एवढा फरक म्हणजे अफरातफरच वाटणार, आणि त्या संध्याकाळी खजिनदारांच्या वाट्याला जी नजर आली ती त्यांना फार लागली. मसुदा पाठवताना लेखापरीक्षकांनी दोन्ही खात्यांमधला दुवा दाखवणारे पान जोडलेले नव्हते आणि आम्हीही ते मागितले नव्हते. बैठक कोणताही निर्णय न होता संपली. दोन आठवड्यांत फरकाची ओळ न् ओळ लावून दाखवण्याचे काम खजिनदार आणि माझ्याकडे आले.

एका खात्यातून दुसऱ्याकडे

आम्ही सर्वात आधी प्राप्ती व शोधन खात्याचीच खात्री करून घेतली. अखेरची बँक शिल्लक पासबुकाशी जुळवली, 31 मार्चला दिलेले पण न वटलेले धनादेश वेगळे काढले आणि रोख रक्कम रोजकीर्दीशी ताडून पाहिली. ते खाते पैशापैशाने बरोबर होते. पैशाला पाय फुटले का, या प्रश्नाचे उत्तर हेच खाते देते आणि इथे ते उत्तर स्वच्छ होते. त्यानंतरच आम्ही दुसऱ्या प्रश्नाकडे वळलो. 2023-24 या वर्षी क्लब चालवण्याचा जो खर्च आला, तो त्याच वर्षाच्या उत्पन्नातून भागला का?

वर्गणीवर सर्वाधिक वेळ गेला. खात्यात वर्गणीची एकच ओळ होती, 8,94,000 रुपये. पावती पुस्तके काढून प्रत्येक पावती कोणत्या वर्षाची आहे हे पाहिले, तेव्हा या एका ओळीत तीन वर्षे दडलेली निघाली. 18 जणांनी मागच्या वर्षाची थकबाकी भरली होती, ती 54,000 रुपये. 210 जणांनी चालू वर्षाची भरली होती, 6,30,000 रुपये. आणि 70 जणांनी पुढच्या वर्षाची आगाऊ भरली होती, 2,10,000 रुपये. ही शेवटची रक्कम एवढी मोठी असण्याचे कारण मंडळाचाच एक निर्णय होता. वर्गणी 3,600 होणार असल्यामुळे 31 मार्चपूर्वी भरणाऱ्यांना ती जुन्या दराने घेण्याची सवलत फेब्रुवारीत जाहीर झाली होती. शेवटच्या आठवड्यात क्लबच्या कार्यालयाबाहेर रांग लागली होती, हे सर्वांना आठवत होते. पण त्या रांगेतले पैसे पुढच्या वर्षाचे आहेत, हे शिल्लक पाहताना कोणाच्या लक्षात राहिले नव्हते.

वर्षाचे खरे वर्गणी उत्पन्न आम्ही सभासदांच्या यादीवरून काढले. 240 सभासद गुणिले 3,000, म्हणजे 7,20,000 रुपये. त्याचा मेळ असा बसला: चालू वर्षात भरणारे 210, आदल्या वर्षीच आगाऊ भरून मोकळे झालेले 6, आणि वर्षअखेरीस ज्यांच्याकडून येणे राहिले असे 24. रोखीकडून निघा किंवा यादीकडून निघा, उत्तर एकच यायला हवे. ते येत नसेल तर एखादी पावती चुकीच्या वर्षात पडली आहे किंवा सोडून गेलेला सभासद यादीत तसाच राहिला आहे असे समजावे. आमच्या बाबतीत यादीत चार नावे अशी निघाली की ते सभासद वर्षभरापूर्वी गाव सोडून गेले होते आणि त्यांच्याकडे मागच्या वर्षाचे 12,000 रुपये थकले होते. ते 240 मध्ये धरलेले नव्हते, पण जुन्या येण्यात होते. ती रक्कम बुडीत म्हणून खर्ची टाकावी लागली.

त्यानंतर आजीव सभासदांची फी. दहा सभासदांनी प्रत्येकी 30,000 रुपये भरून आजीव सभासदत्व घेतले होते आणि ते 1 एप्रिल 2024 पासून लागू होणार होते. हे 3,00,000 रुपये वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत आले आणि शिल्लक फुगली. पण ही रक्कम त्यांच्या पुढच्या साऱ्या वर्षांची वर्गणी आहे, तिला 2023-24 चे उत्पन्न म्हणता येत नाही. तसेच लाकडी फ्लोअरिंगसाठी एका माजी खेळाडूने दिलेल्या 2,50,000 रुपयांचे. त्यांच्या पत्रात "कोर्टाच्या लाकडी फ्लोअरिंगसाठीच" असे शब्द होते. विशिष्ट कारणासाठी आलेली देणगी उत्पन्नात न घेता ताळेबंदात त्या कारणाच्या नावाने निधी म्हणून दाखवली जाते. ते काम होईपर्यंत ती दुसऱ्या कशावर खर्च करता येत नाही.

खर्चाच्या बाजूला रोखीने वर्ष हलके दाखवले होते. पगार दरमहा 39,000 रुपये, पण वर्षात अकराच महिन्यांचे दिले गेले होते, कारण पूर्वी 31 मार्चला होणारे मार्चचे पगार त्या वर्षी 5 एप्रिलला झाले. त्यात कोणाचा हेतू नव्हता. सही करणारे दोघेही पदाधिकारी त्या आठवड्यात गावाबाहेर होते, इतकेच. फेब्रुवारी आणि मार्चची वीजबिले, मिळून 38,000 रुपये, 31 मार्चला भरायची राहिली होती. मागच्या मार्चचे 14,000 रुपयांचे बिल मात्र या वर्षीच्या शोधनात येऊन बसले होते. म्हणून वर्षात भरलेले 1,92,000 उणे 14,000 अधिक 38,000, असा विजेचा खर्च 2,16,000 रुपये झाला.

शटलचा हिशेब आम्ही पैशांत न करता डब्यांत केला, आणि सभासदांना तो सर्वात पटकन पटला. बारा शटलचा एक डबा तेव्हा 1,400 रुपयांना पडत होता. वर्षाच्या सुरुवातीला कपाटात 15 डबे होते, रोखीने 120 विकत घेतले, दुकानदाराकडून उधारीवर 30 आणले आणि 31 मार्चला 10 उरले होते. म्हणजे 155 डबे खेळात संपले आणि त्यांचे 2,17,000 रुपये झाले. रोखीच्या खात्यात मात्र 120 डब्यांचेच 1,68,000 रुपये दिसत होते.

विमा, नवे एलईडी दिवे आणि घसारा यांत फारसे वादाचे काही नव्हते. विम्याचे 24,000 जानेवारी ते डिसेंबर 2024 या काळाचे असल्याने त्यांतील तीन महिनेच या वर्षाला लागू झाले, आणि आदल्या हप्त्यातील नऊ महिन्यांचे 16,500 या वर्षात आले. ऑक्टोबरमध्ये घेतलेले 1,20,000 रुपयांचे दिवे शोधनात पूर्ण गेले होते. उत्पन्न-खर्चात ते खर्च म्हणून येत नाहीत, त्यांच्यावरील अर्ध्या वर्षाचा घसारा येतो. हॉल, साहित्य आणि दिवे मिळून घसारा 1,14,000 रुपये झाला.

हे सारे एका पानावर असे उतरले:

| बाब | रुपये |
|---|---|
| शिल्लकेतील वाढ (प्राप्ती व शोधन खाते) | 5,01,000 |
| वजा: आजीव सभासद फी | 3,00,000 |
| वजा: फ्लोअरिंगसाठी देणगी | 2,50,000 |
| वजा: वर्गणीतील फरक (8,94,000 − 7,20,000) | 1,74,000 |
| वजा: मार्चचे पगार | 39,000 |
| वजा: विजेतील फरक | 24,000 |
| वजा: शटलमधील फरक | 49,000 |
| वजा: बुडीत वर्गणी | 12,000 |
| वजा: घसारा | 1,14,000 |
| अधिक: दिव्यांची खरेदी | 1,20,000 |
| अधिक: विम्यातील फरक | 1,500 |
| तूट (उत्पन्न व खर्च खाते) | (3,39,500) |

एक नाजूक मुद्दा इथे नोंदवायला हवा, कारण रोखीवरून उत्पन्न-खर्चावर येणारी संस्था पहिल्या वर्षी इथेच अडखळते. जुनी थकीत वर्गणी 66,000, कपाटातील शटल 21,000 आणि आगाऊ विमा 16,500 यांची नोंद मागच्या ताळेबंदात नव्हती. त्याचप्रमाणे आगाऊ आलेली वर्गणी 18,000 आणि न भरलेले वीजबिल 14,000 यांचीही नव्हती. या पाच रकमांचा निव्वळ परिणाम 71,500 रुपये होतो. तो 2023-24 च्या खात्यात घातला असता तर आधीच्या वर्षांचे ओझे किंवा लाभ या वर्षाच्या माथी आला असता. म्हणून 1 एप्रिल 2023 चा ताळेबंद नव्याने मांडून भांडवली निधी 20,85,000 वरून 21,56,500 केला आणि त्यावरून पुढे चाललो. वर्षअखेरीस तूट वजा जाता तो 18,17,000 उरला आणि ताळेबंदाच्या दोन्ही बाजू 26,96,000 ला जुळल्या. ताळेबंद जुळला तेव्हाच वरच्या तक्त्यावर मला पूर्ण विश्वास बसला, कारण तक्त्यातली चूक तक्त्यात दिसत नाही, ती ताळेबंदात दिसते.

विचारात घेतलेले पर्याय

मंडळापुढे मागणी होती वर्गणी कमी करण्याची आणि बांधकाम करण्याची. म्हणून आम्ही आधी 6,86,000 रुपयांतील किती रक्कम खरोखर मोकळी आहे ते मांडले. त्यांतून फ्लोअरिंगचे 2,50,000 बाजूला ठेवायचे. 70 सभासदांना वर्षभर खेळू देण्याची जबाबदारी असलेले 2,10,000 हेही मोकळे म्हणता येत नाहीत. पगार, वीज आणि शटलवाल्याचे मिळून 1,19,000 एप्रिलमध्येच द्यायचे होते. उरले 1,07,000. आणि आजीव फीचे 3,00,000 राखून ठेवायचे म्हटले तर 1,93,000 कमी पडत होते. याचा सरळ अर्थ असा की, आजीव सभासदांच्या पैशातून जवळजवळ दोन लाख रुपये रोजच्या खर्चात आधीच विरून गेले होते. सभासदांची थकबाकी 72,000 येणे होती, पण ती येईल तेव्हा खरी.

मंडळासमोर तीन पर्याय आले. पहिला, मागण्या मान्य करून वर्गणी 3,000 ठेवायची आणि आजीव फीमधून खोल्या बांधायच्या. त्याचे समर्थक म्हणत होते की आजीव फी हा भांडवली पैसा आहे आणि बांधकाम हे भांडवली काम आहे, म्हणून ते योग्यच आहे. हा युक्तिवाद चुकीचा नव्हता, पण तो पैसा अखंड शिल्लक नव्हता हे त्यात सुटत होते. दुसरा पर्याय काहीच न करण्याचा होता. एप्रिलपासून वर्गणी वाढलीच आहे, वर्षभर वाट पाहू, असे काहींचे मत होते. आम्ही हिशेब केला तेव्हा दिसले की 70 जण जुन्या दराने भरून मोकळे झाले होते आणि 10 जण आजीव झाले होते. त्यामुळे वर्गणी 7,20,000 वरून 7,86,000 पर्यंतच वाढणार होती. 66,000 रुपयांनी साडेतीन लाखांची तूट भरून निघत नाही. तिसरा पर्याय म्हणजे ज्या खर्चामुळे तूट येते त्याला थेट हात घालायचा.

आजीव फी कशी दाखवावी यावरही चर्चा झाली. ती पंधरा वर्षांत विभागून दरवर्षी 20,000 उत्पन्नात घ्यावी असे एकाचे मत होते आणि ते हिशेबाच्या दृष्टीने मान्य होण्यासारखे होते. पण सभासदत्व 1 एप्रिल 2024 पासूनचे असल्याने 2023-24 मध्ये त्यातला एक रुपयाही घेता येत नव्हता. मंडळाने शेवटी ती पूर्ण रक्कम निधीत ठेवून फक्त व्याज उत्पन्नात घ्यायचे ठरवले. याच चर्चेत आम्हाला एक गोष्ट उमगली, जी मला या संपूर्ण प्रकरणात सर्वात मोलाची वाटते. 30,000 रुपयांवर क्लबच्या ठेवीला मिळणाऱ्या सात टक्क्यांनी वर्षाला 2,100 रुपये व्याज येते. साधा सभासद 3,600 देणार आणि आजीव सभासदाकडून क्लबला 2,100 मिळणार. आजीव सभासद जितके वाढतील तितकी शिल्लक चांगली दिसेल आणि तूट वाढत जाईल. रोखीच्या खात्यातून हे कधीच दिसले नसते.

केलेली कार्यवाही

ऑगस्ट 2024 मधील वार्षिक सभेत दोन्ही खाती, वरचा तक्ता आणि ताळेबंद असे चार कागद प्रत्येकाच्या हातात दिले. बोलण्याची सुरुवात खजिनदारांनी पासबुकापासून केली. शिल्लक बरोबर आहे हे आधी सिद्ध केले आणि मग एकेक ओळ वजा करत ते तुटीपर्यंत आले. ज्येष्ठ शिक्षकांनी शटलच्या डब्यांपाशी पहिल्यांदा मान हलवली. फक्त आगाऊ वर्गणीवर बराच वाद झाला. "आम्ही भरलेत ना पैसे? मग ते क्लबचे उत्पन्न का नाही?" असे एका तरुण सभासदाने विचारले. त्यावर खजिनदारांनी त्यालाच विचारले की, उद्या क्लबने एप्रिलपासून कोर्ट बंद केले तर तुम्ही ते पैसे परत मागाल की नाही? तो हसला आणि बसला.

सभेने खोल्यांचे बांधकाम पुढे ढकलले. 1 ऑक्टोबर 2024 पासून शटलचा खर्च वर्गणीतून न करता खेळणाऱ्यांनी कुपन घेऊन भरायचा असे ठरले, कारण रोज खेळणारा आणि आठवड्यातून एकदा येणारा यांना एकच वर्गणी पडत होती. एप्रिल 2025 पासून वर्गणी 4,200 आणि आजीव फी 60,000 झाली. या दोन आकड्यांचा मेळ मुद्दाम घातलेला आहे, कारण 60,000 वर सात टक्क्यांनी 4,200 रुपये होतात. फ्लोअरिंगच्या देणगीचे वेगळे बँक खाते उघडले. आजीव फीचे 3,00,000 एकदम ठेवीत टाकणे शक्यच नव्हते. म्हणून 1,00,000 लगेच टाकले आणि उरलेले 2,00,000 2025-26 पासून दरवर्षी 50,000 प्रमाणे भरून काढण्याचा ठराव झाला.

परिणाम

2024-25 चे दोन्ही आकडे मागच्या वर्षाच्या अगदी उलट दिशेने गेले. उत्पन्न व खर्च खात्यातील तूट सुमारे 1,85,000 वर आली. त्यात मोठा वाटा अर्ध्या वर्षाच्या शटल कुपनांचा होता. पण रोख व बँक शिल्लक 6,86,000 वरून 2,81,000 पर्यंत घसरली. आगाऊ वर्गणी पूर्वीइतकी आली नाही, मागची देणी भागवली गेली आणि एक लाख ठेवीत गेले. 2,81,000 पैकी 2,50,000 फ्लोअरिंगचे होते, म्हणजे क्लबचे स्वतःचे 31,000 उरले होते. पूर्वीच्या पद्धतीने हेच पान सभेत वाचले गेले असते तर ज्या वर्षी कारभार सुधारला त्याच वर्षी खजिनदारांना दोष मिळाला असता. या वेळी सभासदांनी आधी तक्ता मागितला आणि मग प्रश्न विचारले.

सर्व काही चांगलेच झाले असे नाही. शटल कुपनांमुळे काही नियमित खेळाडू नाराज झाले आणि थोडे सभासद कमी झाले. फ्लोअरिंगच्या कामाचा अंदाज देणगीच्या दुपटीहून अधिक निघाल्यामुळे ते काम हे लिहीपर्यंत सुरू झालेले नाही, आणि देणगीदारांना ते पत्राने कळवले आहे.

वेगळे काय करता आले असते

जुन्या दराने आगाऊ वर्गणी घेण्याची सवलत द्यायलाच नको होती. मंडळाला ती सभासदांना दिलेली सोय वाटली, पण प्रत्यक्षात तिने पुढच्या वर्षाचे 42,000 रुपयांचे उत्पन्न घालवले आणि 2023-24 ची शिल्लक खोटी फुगवली. दरवाढ जाहीर करायची आणि आधीच्या दराने पुढचे वर्ष विकायचे, हे एकाच बैठकीत ठरले होते आणि कोणीही त्यांचा एकत्र हिशेब केला नव्हता.

पावती पुस्तकात "कोणत्या वर्षाची वर्गणी" असा रकाना नव्हता. त्यामुळे आम्हाला सहाशेहून अधिक पावत्या हाताने चाळाव्या लागल्या आणि काही ठिकाणी सभासदांना फोन करून विचारावे लागले. हा रकाना आता छापलेला आहे. रोजकीर्दीतही वर्गणीचे मागील, चालू आणि आगाऊ असे तीन रकाने केले आहेत, म्हणजे विभागणी वर्षअखेरीला न होता पावती फाडतानाच होते. आजीव फी आणि विशिष्ट कारणाची देणगी यांच्या पावत्यांचा रंगही वेगळा केला आहे.

31 मार्चला शटलचे डबे मोजण्याचे काम आमच्या बाबतीत नशिबाने झाले होते, कारण त्या दिवशी कपाटाची चावी माझ्याकडे होती आणि मी सहज आकडा वहीत लिहून ठेवला होता. तो नसता तर शटलचा खर्च अंदाजाने लिहावा लागला असता. आता त्या दिवशी दोन जणांनी मोजून सही करायची आणि न भरलेल्या बिलांची यादी त्याच कागदावर करायची असा नियम आहे.

सर्वात जास्त खंत मला जुलैच्या बैठकीची वाटते. तुटीचा आकडा हातात आल्यावर तो तसाच मंडळापुढे ठेवण्याऐवजी आधी लेखापरीक्षकांकडून दुवा दाखवणारे पान मागून घेतले असते, तर वीस वर्षे बिनपगारी काम केलेल्या माणसाला पासबुकासमोर बसून उत्तर द्यावे लागले नसते. पुढच्या वर्षीच्या मसुद्याबरोबर ते पान आले पाहिजे, ही अट लेखापरीक्षकांच्या नेमणूक पत्रात आता लिहिलेली आहे.